डीलरकडे सिलिंडर किती? भरलेल्या-मोकळ्यांचा हिशेब

ऑक्सिजन विकणाऱ्या एजन्सीला एका गिऱ्हाइकाची दोन खाती ठेवावी लागतात. एक पैशाचं आणि दुसरं लोखंडाचं. गॅस विकला की तो गेला, त्याचे पैसे यायचे. पण ज्या सिलिंडरमधून तो गेला ते सिलिंडर विकलेलं नसतं. ते एजन्सीच्याच मालकीचं राहतं आणि परत यायचं असतं. पैशाचं खातं सगळेच नीट ठेवतात, कारण बिल असतं, बँक असते, जीएसटीचं विवरणपत्र असतं. सिलिंडरचं खातं मात्र बहुतेक ठिकाणी गाडीवाल्याच्या डायरीत आणि गोडाऊन सांभाळणाऱ्याच्या डोक्यात असतं. सिलिंडर हरवतात ते तिथंच.

उदाहरणासाठी आपण कोल्हापूरची एक एजन्सी धरू. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तिची थेट गिऱ्हाइकं आहेत आणि जयसिंगपूर, गडहिंग्लज अशा गावांत डीलर आहेत. डीलर पुढं फॅब्रिकेशनवाल्यांना, गॅरेजना, साखर कारखान्यांच्या दुरुस्ती ठेकेदारांना माल देतो. आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण व्यवहाराची रीत खरी आहे.

नेहमीचं मोठं ऑक्सिजन सिलिंडर सुमारे ४७ लिटर पाणी मावेल एवढं असतं. त्यात १५० बारच्या आसपास दाबानं भरला की साधारण ७ घनमीटर गॅस बसतो. म्हणून चलनावर त्याला ‘७ क्यूबिकचं’ म्हणतात. या ७ घनमीटर ऑक्सिजनचं वजन जेमतेम ९ ते १० किलो भरतं आणि नुसतं सिलिंडर पन्नास किलोच्या वर असतं. त्यामुळं रांगेत उभी असलेली भरलेली आणि मोकळी सिलिंडरं नुसती बघून ओळखता येत नाहीत. दोन्ही काळीच. गेज लावल्याशिवाय किंवा खडूची खूण असल्याशिवाय खात्री नाही. भरलेली आणि मोकळी सिलिंडरं वेगळी ठेवावीत हे गॅस सिलिंडर नियमांतही सांगितलेलं आहे. तो नियम सुरक्षेसाठी आहे, पण मोजणीलाही त्याचा तेवढाच उपयोग होतो.

आता खात्याकडे येऊ. डीलरच्या खात्यावर तीनच प्रकारच्या हालचाली होतात. भरलेली गेली, मोकळी आली, आणि भरलेली परत आली. तिसरी हालचाल अनेक जण विसरतात. व्हॉल्व्ह गळतो म्हणून किंवा माल खपला नाही म्हणून भरलेलं सिलिंडर परत येतं. ते मोकळ्यांच्या रकान्यात टाकलं तर सिलिंडरची बाकी जुळते, पण गॅसचं बिल उलटायचं राहून जातं आणि महिनाअखेरीस डीलर भांडायला येतो. त्याचं भांडण बरोबर असतं. अर्धवट वापरून परत आलेलं सिलिंडर मात्र मोकळंच धरतात. उरलेल्या गॅसचे पैसे परत देण्याची पद्धत सहसा नसते, आणि तसं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बाकी काढायची रीत साधी आहे. मागची बाकी घ्यायची, त्यात भरलेली गेलेली मिळवायची, आणि त्यातून मोकळी आलेली व भरलेली परत आलेली वजा करायची. जयसिंगपूरच्या डीलरचा एप्रिल महिना असा गेला. सुरुवातीची बाकी ४० होती.

| तारीख | भरलेली गेली | मोकळी आली | भरलेली परत | बाकी |
|---|---|---|---|---|
| २ एप्रिल | २० | १८ | ० | ४२ |
| ६ एप्रिल | २० | १५ | ० | ४७ |
| ११ एप्रिल | १५ | २२ | २ | ३८ |
| १६ एप्रिल | २० | १४ | ० | ४४ |
| २२ एप्रिल | २० | १६ | ० | ४८ |
| २७ एप्रिल | १५ | १३ | ० | ५० |

महिन्यात ११० गेली, ९८ मोकळी आली, २ भरलेली परत आली. म्हणजे खरी विक्री १०८ सिलिंडरची आणि बाकी १० नं वाढलेली.

इथं एक सवय मोडावी लागते. २ तारखेला गाडीवाला डायरीत नुसतं ‘२ जादा’ लिहितो. त्याच्या दृष्टीनं अदलाबदल झाली, दोन शिल्लक राहिली, संपलं. पण २० गेली आणि १८ आली हे दोन्ही आकडे वेगळे लिहिले नाहीत तर नंतर काहीच पडताळता येत नाही. प्लँटमधून भरून आणलेल्यांशी २० चा मेळ बसला पाहिजे आणि गोडाऊनमध्ये उतरलेल्या मोकळ्यांशी १८ चा. नुसत्या २ चा मेळ कशाशीच बसत नाही. म्हणून चलनावर गेली आणि आली असे दोन रकाने हवेत, खाली त्या वेळची बाकी छापलेली हवी आणि डीलरची सही त्या बाकीवर हवी. मालावरची सही सगळेच घेतात. बाकीवर सही घेतली तर वाद महिनाभर साठत नाही, त्याच फेरीला निघतो.

दुसरी अट म्हणजे प्रत्येक जातीचं खातं वेगळं. ऑक्सिजन, आर्गॉन आणि डीए, म्हणजे ॲसिटिलीन, यांची बाकी एकत्र करायची नाही. कटिंगच्या कामात ऑक्सिजन लवकर संपतो, ॲसिटिलीन टिकतो, त्यामुळं दोघांची ये-जा वेगळ्या वेगानं होते. एकूण ६० बाकी दिसते आणि बरी वाटते, पण त्यात डीएची बाकी फुगलेली आणि ऑक्सिजनची घटलेली असू शकते. शिवाय ॲसिटिलीनच्या सिलिंडरात सच्छिद्र भराव आणि ॲसिटोन असतं. ते एक वेगळंच यंत्र आहे. ऑक्सिजनचं सिलिंडर देऊन त्याची भरपाई होत नाही.

आता नेमका प्रश्न असा की, डीलरकडे ५० बाकी आहे म्हणजे त्याच्याकडे भरलेली किती आणि मोकळी किती?

एजन्सीच्या खात्यातून याचं उत्तर मिळत नाही. तिथं फक्त एकूण ५० कळतात. सिलिंडर भरलेलं असतं ते मोकळं कधी होतं, तर डीलरचं गिऱ्हाईक ते वापरून संपवतं तेव्हा. ती घटना एजन्सीपासून दूर घडते आणि तिचं कुठलंही चलन एजन्सीकडे येत नाही. अनेक सॉफ्टवेअरांत डीलरच्या नावापुढं भरलेली आणि मोकळी असे दोन आकडे दिसतात. ते कुठून आले हे विचारा. बहुतेकदा गेलेली सगळी ‘भरलेली’ आणि आलेली सगळी ‘मोकळी’ धरून ते काढलेले असतात. मग भरलेल्यांचा आकडा वाढतच जातो आणि मोकळ्यांचा उणे होतो. अशा आकड्याचा गाडी कधी पाठवायची हे ठरवायलाही उपयोग नाही.

खरं तर डीलरकडच्या बाकीचे तीन कप्पे असतात. त्याच्या गोडाऊनमधली भरलेली, त्याच्या गोडाऊनमधली मोकळी, आणि त्याच्या गिऱ्हाइकांकडे गेलेली, म्हणजे ‘बाहेर’ असलेली. पहिले दोन आकडे डीलरच सांगू शकतो. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. रोज संध्याकाळी भरलेली किती, मोकळी किती, एवढे दोन आकडे फोनवर विचारून लिहायचे. तिसरा आकडा वजाबाकीनं निघतो. बाकी ५० आहे आणि डीलर भरलेली १४, मोकळी ९ म्हणतो, तर बाहेर २७ असली पाहिजेत. त्याच्या वहीत गिऱ्हाइकांच्या नावावर २७ निघतात का हे बघायचं. न निघाली तर फरक आहे.

या दोन आकड्यांवर गाडीचं नियोजनही होतं. भरलेली ४ आणि मोकळी १८ असतील तर आजच गाडी गेली पाहिजे. भरलेली २० आणि मोकळी २ असतील तर आज जाऊन काय आणणार? डिझेल जाळून मोकळा ट्रक परत येईल.

एक भेद इथंच सांगतो. गॅस पोचल्याबरोबर बिल होत असेल तर डीलरकडच्या भरलेल्यातला गॅस त्याचा आणि लोखंड एजन्सीचं असतं. मग भरलेली-मोकळी हा फरक पुरवठ्यापुरता महत्त्वाचा. पण डीलरनं विकल्यावरच बिल करायचं, असा करार असेल तर भरलेल्यातला गॅससुद्धा एजन्सीच्या साठ्यात मोडतो. तिथं भरलेल्यांचा आकडा चुकला की नफ्या-तोट्याचा आकडा चुकला. अशा डीलरकडे फोनवर विसंबून चालत नाही, महिनाअखेरीस माणूस जाऊन मोजायला हवा.

३० एप्रिलला आपल्या एजन्सीनं जयसिंगपूरला माणूस पाठवला. खात्यावर ५०. गोडाऊनमध्ये भरलेली १४ निघाली. मोकळी ९ दिसली, पण त्यातल्या २ वर दुसऱ्याच कंपनीची खूण कोरलेली होती. म्हणजे आपली मोकळी ७. डीलरच्या वहीत गिऱ्हाइकांकडे २१. सगळी मिळून ४२. कमी पडली ८.

अशा वेळी ‘आठांचे पैसे भरा’ म्हणणं सोपं असतं, आणि बहुतेकदा चुकीचं. आधी एजन्सीची स्वतःची चलनं काढायची. १६ एप्रिलला गाडी परत येताना वाटेवरच्या एका वर्कशॉपमधून ३ मोकळी उचलली होती. वर्कशॉप जयसिंगपूरच्या डीलरचं गिऱ्हाईक. गाडीवाल्यानं ती चलनावर रोख गिऱ्हाइकाच्या नावानं जमा केली, डीलरच्या नावानं नाही. सिलिंडर कोल्हापुरात पोचलेली होती, फक्त चुकीच्या खात्यावर. डीलरला तीन जमा दिली, बाकी ४७ झाली. जुन्या नोंदीत खाडाखोड केली नाही. ३० एप्रिलच्या तारखेनं दोन्ही खात्यांवर दुरुस्तीची नोंद घातली, कारण १६ तारखेची छापील बाकी डीलरच्या हातात सहीनिशी आहे.

दोन परकी सिलिंडरं हा दुसरा प्रकार. डीलरच्या गिऱ्हाइकानं दोन एजन्सींकडून माल घेतला आणि मोकळी देताना अदलाबदल झाली. त्यामुळं आपली दोन बहुधा त्या दुसऱ्या एजन्सीकडे किंवा तिच्या डीलरकडे आहेत. परकी सिलिंडरं आपल्यात मिसळून भरायला पाठवू नयेत. ती वेगळी ठेवून, नंबर लिहून, समोरच्या एजन्सीला कळवायचं आणि अदलाबदल करून घ्यायची. तोवर आपली ती दोन डीलरच्याच नावावर राहतात, फक्त शेरा मारायचा.

उरली ३. ती वहीतल्या २१ मध्ये नाहीत, गोडाऊनमध्येही नाहीत. एप्रिलमध्ये ऊस गाळप संपत आलेलं असतं आणि कारखान्यांत दुरुस्तीची कामं निघतात. ठेकेदार घाईत येतो, ‘चार द्या, सहा द्या’ म्हणतो, आणि काही सिलिंडर वहीत न चढताच जातात. शोध तिथून सुरू करायचा. आणि वहीतली २१ सुद्धा आहेतच असं नाही. तो फक्त डीलरचा दावा आहे. त्यातल्या दोन-तीन मोठ्या नावांना फोन केला तरी बरंच कळतं. ठेकेदाराचं काम संपून तो गेला असेल आणि नंबर बंद असेल तर ती सिलिंडरं कागदावरच उरली.

आता जी गोष्ट नुसत्या आकड्यांतून दिसत नाही तिच्याकडे वळू. सिलिंडर किती दिवस पडून आहे?

महिन्याला १०८ विक्री म्हणजे रोज ३.६. बाकी ५० ला ३.६ नं भागलं तर जवळजवळ १४ दिवस येतात. एक सिलिंडर गेलं की सरासरी १४ दिवसांनी परत येतं, असा त्याचा अर्थ. महिन्याच्या सुरुवातीच्या ४० ला याच विक्रीनं भागलं तर ११ दिवस येतात. म्हणजे एका महिन्यात फेर तीन दिवसांनी लांबला. विक्री वाढल्यामुळं बाकी वाढली असती तर दिवस तेवढेच राहिले असते. म्हणून डीलरला जादा सिलिंडर द्यायची की नाहीत हे बाकीवरून ठरवू नये, या दिवसांवरून ठरवावं.

ठरावीक दिवसांनंतर भाडं लावणाऱ्या एजन्सी एक गृहीत धरतात. आधी गेलेलं सिलिंडर आधी परत आलं. त्या हिशेबानं ५० बाकी म्हणजे २७ तारखेची १५, २२ तारखेची २० आणि १६ तारखेच्या वीसांपैकी १५. सगळ्यात जुनं १४ दिवसांचं. पंधरा दिवस मोफत असतील तर भाडं शून्य. कागदावर डीलर आदर्श दिसतो.

प्रत्यक्षात याच डीलरकडे १२ सिलिंडरं वर्षभर कुणाच्या तरी शेडमध्ये पडलेली असू शकतात आणि उरलेली ३८ झपाझप फिरत असू शकतात. गृहीतकामुळं ती १२ कधीच जुनी होत नाहीत, कारण प्रत्येक परतीला त्यांच्याच नावानं जमा पडते. भाडं बुडतं हा लहान तोटा. मोठा तोटा असा की तेवढ्या सिलिंडरांऐवजी एजन्सी नवीन विकत घेते.

नंबर न लिहिताही याचा अंदाज घेता येतो. वर्षभरात डीलरची बाकी सगळ्यात खाली कधी गेली ते बघा. पडीक सिलिंडरं त्या आकड्यापेक्षा जास्त असू शकत नाहीत. आपल्या डीलरच्या एप्रिलमध्ये नीचांक ३८. पण भर हंगामातला नीचांक फारसं सांगत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसानं उघड्यावरची कामं थांबतात, खप उतरतो. तेव्हा बाकीही उतरायला हवी. खप निम्मा झाला आणि बाकी ४५ वरच अडली, तर समजायचं की मोठा भाग फिरतच नाही.

पक्कं उत्तर हवं असेल तर नंबर. प्रत्येक सिलिंडरवर तो ठोकलेला असतो, त्याच्या जवळच शेवटच्या चाचणीची तारीख असते. भरणाऱ्या प्लँटकडे भरलेल्या सिलिंडरांचे नंबर असतातच. ती यादी जाताना चलनाला जोडायची, म्हणजे एजन्सीत कुणाला नव्यानं लिहावं लागत नाही. खरी कटकट परतीच्या वेळी होते. संध्याकाळ झालेली, रंगाचे थर चढलेले, हमाल घाईत, आणि १८ नंबर वाचायचे. तिथं ६ चा ८ होतो. म्हणून काही जण बारकोडची धातूची पट्टी लावतात. पट्टी नसली तर मोकळ्यांचे नंबर गाडीजवळ न लिहिता दुसऱ्या दिवशी सकाळी गोडाऊनमध्ये, उजेडात लिहावेत. एक दिवस उशीर झाला तरी चालेल, पण नंबर बरोबर हवा. जो नंबर गेल्याची नोंद नाही तो आलेला दिसला, तर एक तर वाचायला चूक झाली किंवा सिलिंडर परकं आहे. दोन्ही त्याच सकाळी सापडतात.

नंबर ठेवण्याला आणखी एक कारण आहे. ऑक्सिजनच्या सिलिंडरची पाण्याच्या दाबाची चाचणी साधारण दर ५ वर्षांनी करावी लागते. मुदत उलटलेलं सिलिंडर भरता येत नाही. गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांचा अंमल बघणारी पेसो ही संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. एखाद्या डीलरकडे चाचणीची मुदत संपत आलेली वीस सिलिंडरं आहेत हे नंबरांशिवाय कळायला मार्ग नाही.

डीलरांची खाती जुळली तरी एक मेळ उरतो, आणि तो एजन्सीनं स्वतःशीच घालायचा असतो. समजा एकूण मालकीची ५०० सिलिंडरं. गोडाऊनमध्ये भरलेली ६२, मोकळी ८५, प्लँटवर ११०, चाचणी-दुरुस्तीला १८, गाडीवर ३५, आणि डीलर-गिऱ्हाइकांच्या नावावर मिळून १९०. बेरीज ५०० आलीच पाहिजे. ४९३ आली तर सात सिलिंडरं कुणाच्याच नावावर नाहीत, म्हणजे कुठलंतरी चलन लिहिलंच गेलेलं नाही. ५०६ आली तर परकी मोजली गेलीत किंवा एखादी परती जमा व्हायची राहिलीय. मोजणी रविवारी सकाळी, गाड्या उभ्या असताना घ्यावी. चालत्या गाडीवरची सिलिंडरं दोनदा मोजली जातात किंवा एकदाही मोजली जात नाहीत.

घरगुती गॅसच्या वितरकांना यातला बराचसा त्रास नसतो. तेल कंपनीचा ट्रक भरलेली सिलिंडरं उतरवतो आणि मोकळी नेतो, त्या परतीचा वेगळा दाखला, ईआरव्ही, बनतो. ग्राहकाकडचं प्रत्येक सिलिंडर अनामतीच्या कागदावर बांधलेलं असतं. औद्योगिक गॅसमध्ये अनामत असते, पण ती बाकीच्या मागं पडते. आपल्या डीलरनं ३० सिलिंडरांची अनामत भरलीय आणि दुरुस्तीनंतरची बाकी ४७ आहे. म्हणजे १७ सिलिंडर नुसत्या विश्वासावर आहेत. ती वाढ एका दिवसात झाली नाही. २ जादा, ५ जादा, ६ जादा, अशी प्रत्येक फेरीला गाडीवाल्याच्या पातळीवर झाली. जितकी मोकळी तितकीच भरलेली, हा नियम नव्या गिऱ्हाइकामुळं किंवा हंगामामुळं मोडावाच लागतो. पण मोडायचा अधिकार गाडीवाल्याला नसावा. ठरलेल्या मर्यादेवर एकही सिलिंडर द्यायचं तर मालकाची संमती, आणि चलनावर ‘जादा’ असं लिहून परतीची तारीख.

अनामतीचे पैसे उत्पन्न नव्हेत, देणं आहे, हे हिशेबनीसाला माहीत असतंच. जीएसटीतही अनामत ही विक्रीची किंमत धरली जात नाही, जोवर विक्रेता ती किमतीत वळती करून घेत नाही. गफलत होते ती वळती करताना. ती तीन सिलिंडरं सापडलीच नाहीत आणि एजन्सीनं त्यांची भरपाई अनामतीतून कापली, तर तेवढ्या रकमेवर कराचा प्रश्न उभा राहतो आणि त्याचं वेगळं बिल करावं लागतं. त्याच दिवशी सिलिंडरच्या खात्यातूनही ती तीन कमी करायची आणि मालकीच्या ५०० मधूनही. मात्र पुढच्या वर्षी ठेकेदाराच्या शेडमधून तीच सिलिंडरं परत आली की खात्यात त्यांना जागाच नसते. ती आलीच, तर डीलरला भरपाईचे पैसे परत द्यायचे की सिलिंडर त्याचं झालं म्हणायचं, हे कापतानाच लिहून घ्यावं.